पफ की रॉकवुल? दोन पत्र्यांच्या मधला निर्णय

कारखान्याची नवी शेड असो की द्राक्षांची कोल्ड रूम, हल्लीच्या कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते: ‘पफ पॅनेल, अमुक मिलिमीटर’. दोन रंगीत पत्रे आणि त्यांच्या मध्ये घट्ट चिकटलेला जाड गाभा, असं हे तयार पॅनेल. ट्रकमधून येतं, एकात एक बसवलं की भिंत होते, वर चढवलं की छत होतं. विटा नकोत, गिलावा नको, पाणी मारत बसायला नको. म्हणून चाकणपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत सगळीकडे ते दिसतं.

अडचण एवढीच की बाहेरून सगळी पॅनेलं सारखी दिसतात. आत पॉलियुरेथेनचा फोम आहे, दगडी लोकर आहे की साधा थर्माकोल, हे पत्र्यावरून कळत नाही. विकत घेणारा जाडी विचारतो, दर विचारतो आणि सही करतो. खरा निर्णय मात्र गाभ्याचा असतो. कोल्ड रूमला जो गाभा योग्य, तो वेल्डिंग चालणाऱ्या शेडला योग्य असेलच असं नाही. हे का, ते एका कोल्ड रूमच्या आणि एका छताच्या हिशेबातून नीट कळतं.

आधी पॅनेलचं बळ कशात आहे ते पाहू. अर्धा मिलिमीटरचा पत्रा नुसता उचलला तरी लवतो. असे दोन पत्रे पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवून मधल्या गाभ्याला पक्के चिकटवले की तेच पॅनेल माणसाचं वजन पेलतं. वरून भार आला की वरचा पत्रा दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि गाभा त्या दोघांना ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतो, एकमेकांवर सरकू देत नाही. याचा अर्थ सगळी ताकद त्या चिकटण्यात आहे. पत्रा गाभ्यापासून सुटला की हातात उरतात दोन पातळ पत्रे. बोटाने ठोकून पाहिलं तर सुटलेली जागा पोकळ वाजते. नवं पॅनेल उतरवून घेतानाच ही तपासणी करता येते.

आता गाभा. पॉलियुरेथेन म्हणजे पॉलिऑल आणि आयसोसायनेट या दोन द्रवांच्या संयोगातून होणारं प्लॅस्टिक. जर्मनीत लेव्हरकुसेनमध्ये ओटो बायर यांनी १९३७ साली त्याचा शोध लावला. पॅनेल बनवताना हे दोन द्रव पत्र्यांच्या मध्ये सोडतात. मिश्रण गरम होतं, त्यात मिसळलेल्या द्रवाचा वायू होतो, फेस फुगत जातो, दोन्ही पत्र्यांना स्वतःच चिकटतो आणि काही मिनिटांत कडक होतो. कडक झालेल्या फोममध्ये लाखो बारीक बंद पोकळ्या असतात आणि त्यांत तो वायू कोंडलेला असतो. उष्णता अडवण्याचं काम मुख्यतः हा वायू करतो. पूर्वी त्यासाठी ओझोनच्या थराला मारक असलेले वायू वापरत. त्यांतला एचसीएफसी-१४१बी भारताने १ जानेवारी २०२० पासून पूर्ण थांबवला. आता सायक्लोपेंटेनसारखे पर्याय वापरतात. चांगल्या फोमची घनता घनमीटरला साधारण ४० किलो असते.

रॉकवुल अगदी वेगळ्या घराण्यातलं. बेसाल्टसारखा खडक भट्टीत वितळवून, तो रस वेगाने फिरणाऱ्या चाकांवर सोडून त्याचे धागे काढतात आणि थोड्या बाइंडरने ते एकत्र बांधतात. तयार झालेल्या लादीत धागे आडवे पसरलेले असतात. ती तशीच पत्र्यांच्या मध्ये घातली तर तिचे थर एकमेकांपासून सुटतील. म्हणून लादीच्या पट्ट्या कापून त्या कुशीवर उभ्या करतात, म्हणजे धागे एका पत्र्यापासून दुसऱ्या पत्र्यापर्यंत उभे राहतात. त्याने ताकद येते. पण उष्णतेलाही त्या धाग्यांतून थोडी वाट मिळते. याची घनता पॅनेलमध्ये साधारण १०० किलो, म्हणजे फोमच्या अडीचपट. आणि त्याच जाडीत उष्णता अडवण्याची ताकद फोमच्या जवळपास निम्मी.

एवढं ऐकलं की फोमच सरस वाटतो. कोल्ड रूमपुरतं ते खरंही आहे. द्राक्ष साठवायची तर तापमान शून्य अंशाच्या जवळ आणि हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर ठेवावी लागते. समजा, शेडच्या आत एक खोली उभारायची आहे: दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, चार मीटर उंच. चार भिंती आणि छत मिळून १८८ चौरस मीटर पॅनेल लागेल. जमिनीचं इन्सुलेशन वेगळं करतात, ते इथे बाजूला ठेवू. शेडमध्ये ३५ अंश, खोलीत शून्य. शंभर मिलिमीटर पफ पॅनेल लावलं तर भिंती आणि छतातून आत झिरपणारी उष्णता भरते सुमारे १,४५० वॉट. तेवढ्याच जाडीचं रॉकवुल लावलं तर सुमारे २,५८० वॉट. हा फरक उपसायला कॉम्प्रेसरला दिवसाला अंदाजे ११ युनिट जादा वीज लागते, तीन महिन्यांच्या हंगामात हजारभर युनिट.

रॉकवुल जाड करून बरोबरी साधता येईल का? येईल, पण जाडी १८० मिलिमीटरपर्यंत न्यावी लागेल. मग पॅनेलचं वजन चौरस मीटरला १२ किलोवरून २६ किलोवर जातं. साठ चौरस मीटरचं छत टांगायचं तर हा फरक आठशे किलोंहून अधिक होतो. खोलीतली जागा जाते ती वेगळीच.

मात्र या आकड्यांनी एका गोष्टीचा गैरसमज होऊ नये. बागेतून आलेला पाच टन माल ३० अंशांवरून दोन अंशांवर सहा तासांत आणायचा तर २३ हजार वॉटच्या वर उष्णता उपसावी लागते. त्यापुढे भिंतीतून येणारी उष्णता किरकोळ आहे. म्हणून प्री-कूलिंगची खोली मशिनरीवर चालते आणि साठवणुकीची खोली पॅनेलवर. जिथे माल आठवडे-महिने पडून राहतो, तिथे भिंत अहोरात्र हिशेब मांडत असते.

कोल्ड रूममध्ये फोम लावण्याचं याहून मोठं कारण विजेचं नाही, ओलाव्याचं आहे. हवेतलं बाष्प नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, आणि थंड खोलीत बाष्पाचा दाब नेहमीच कमी असतो. कोरड्या एप्रिलमध्येसुद्धा बाहेरचा बाष्पदाब शून्य अंशाच्या खोलीतल्या दाबाच्या दुप्पट असतो. पावसाळ्यात तो पाचपट होतो. तासगाव-सांगलीचा बेदाणा तर पावसाळाभर कोल्ड स्टोरेजमध्येच असतो. म्हणजे महिनोन्महिने बाहेरचं बाष्प भिंतीच्या प्रत्येक फटीतून आत शिरायचा प्रयत्न करत असतं. पत्र्यातून ते जाऊ शकत नाही. सांध्यातून जातं. आत गारवा लागला की त्याचं पाणी होतं, उणे तापमानाच्या खोलीत बर्फ होतो.

फोमच्या पोकळ्या बंद असल्याने असं शिरलेलं पाणी फार आत पसरत नाही. रॉकवुलमध्ये मात्र धाग्यांच्या मध्ये मोकळी हवा असते. बाष्प एकदा सांध्यातून शिरलं की ते आत पसरत जातं, थंड पत्र्यापाशी साठतं आणि तिथून परत निघत नाही. ओली लोकर उष्णता अडवत नाही, जड होते, पत्र्याला आतून गंजवते आणि चिकटलेला थर सोडवते. दगडी लोकर पाण्याने कुजत नाही हे खरं, पण कोल्ड रूमच्या भिंतीत ती कोरडी ठेवणं फार कठीण आहे.

म्हणून पॅनेल कोणतंही असो, कोल्ड रूमचं आयुष्य सांध्यावर ठरतं. पॅनेलच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असते. अनेक कोल्ड रूम पॅनेलांत कॅमलॉक असतं: किल्ली फिरवली की आतला आकडा शेजारच्या पॅनेलला घट्ट ओढून घेतो. पण फक्त ओढून भागत नाही. सांध्याच्या उबदार बाजूला, म्हणजे बाहेरून, सीलंटची सलग रेघ हवी, कारण बाष्प बाहेरून येतं. पुष्कळ ठिकाणी आतून पांढरं सिलिकॉन छान ओढलेलं असतं आणि बाहेरचा सांधा, विशेषतः छताच्या वरचा, तसाच सोडलेला असतो. छताच्या वर कोणी पाहत नाही म्हणून. तोच सांधा सर्वांत आधी ओला होतो.

हे बिघडलेलं ओळखायला यंत्र लागत नाही. पावसाळ्यात पहाटे खोलीच्या बाहेरून फेरी मारावी. चांगल्या शंभर मिलिमीटरच्या भिंतीचा बाहेरचा पत्रा शेडमधल्या हवेपेक्षा जेमतेम एका अंशाने गार असतो, त्याला घाम येत नाही. सांध्याच्या रेषेवर उभी ओली पट्टी दिसली, पाइप किंवा केबल जिथे भिंतीतून आत जाते तिथे थेंब दिसले, तर तिथून गारवा बाहेर येतोय आणि बाष्प आत जातंय. आतल्या बाजूला सांध्यावर बर्फाची शिवण दिसली तर काम बरंच पुढे गेलेलं आहे.

उणे तापमानाच्या खोलीत आणखी एक छोटी वस्तू विसरून चालत नाही, ती म्हणजे दाब समान ठेवणारा व्हॉल्व्ह. दार उघडलं की गरम हवा आत येते. दार लागलं की ती गार होऊन आकसते. खोली पूर्ण हवाबंद असेल आणि आतली हवा फक्त तीन अंशांनी गार झाली, तरी बाहेरच्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे १०० किलोंनी वरचढ ठरतो. दार उघडेनासं होतं, छत आत ओढलं जातं, सांधे सुटतात. भिंतीत बसवलेला हा लहानसा व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेऊन दाब समान करतो. त्याच्या तोंडाशी बर्फ जमू नये म्हणून त्यात बारीक हीटर असतो. तो हीटर चालू आहे की नाही, हे पाहणं देखभालीच्या यादीत हवं.

आता छताकडे येऊ. तिथे चित्र बदलतं. एप्रिल-मेच्या दुपारी गडद रंगाचा पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो. खाली नुसता पत्रा असेल तर कामगाराच्या डोक्यावर तोच ६५ अंशांचा पत्रा दिवसभर उष्णता फेकत असतो. शेडमधली हवा ३५ अंश धरू. पन्नास मिलिमीटरचं पफ पॅनेल लावलं तर आतला पत्रा साधारण ३७ अंशांवर राहतो. पन्नास मिलिमीटरचं रॉकवुल लावलं तर साधारण ३९ अंशांवर. खाली उभ्या माणसाला हा दोन अंशांचा फरक जाणवणारही नाही. छताच्या दर चौरस मीटरमधून फोममधून सुमारे १३ वॉट आत येतात, रॉकवुलमधून २२. नुसत्या पत्र्याखाली हा आकडा शंभराच्या वर जातो. खरी उडी नुसत्या पत्र्यापासून पॅनेलपर्यंतची आहे. त्यापुढे कोणतं पॅनेल, हा उष्णतेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा प्रश्न होतो.

शेड वातानुकूलित असेल तर दर चौरस मीटरमागचे ते नऊ वॉटही मोजावे लागतात. हजार चौरस मीटरच्या छतावर ते नऊ किलोवॉट होतात. तिथे रॉकवुल ऐंशी किंवा शंभर मिलिमीटरचं घ्यावं. त्याचं जादा वजन पर्लिनच्या हिशेबात आधीच धरलेलं असलं पाहिजे. पत्र्याची जुनी शेड तशीच ठेवून वर जड पॅनेल चढवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नये. रॉकवुलला पाण्याचं पथ्य इथेही आहे. स्क्रू पन्हाळीत न मारता उंचवट्यावर मारायचा, त्याखालचा रबरी वॉशर फाटलेला नको, आणि वळचणीची कापलेली कड फ्लॅशिंगने बंद हवी. पावसाचा छतावरचा आवाज मात्र रॉकवुलखाली बराच कमी येतो.

तो दुसरा प्रश्न म्हणजे आग. इंग्लंडमध्ये हिअरफर्ड इथल्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात ६ सप्टेंबर १९९३ रोजी आग लागली. आत थर्माकोलच्या गाभ्याची पॅनेलं होती. त्या आगीत अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. थर्माकोल उष्णतेने वितळतो, पत्रे सुटून खाली येतात, आणि पत्र्यामागची आग बाहेरून दिसत नाही. दक्षिण कोरियात इचॉनमध्ये जानेवारी २००८ मध्ये पूर्ण होत आलेल्या शीतगोदामाला आग लागून ४० जण मेले. त्याच शहरात २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ जण मेले. दुसऱ्या आगीच्या तपासात जे पुढे आलं ते आपल्याकडच्या प्रत्येक कोल्ड रूमवाल्याने वाचावं असं आहे: थंडाव्याच्या युनिटचे पाइप जोडताना उडालेली ठिणगी युरेथेन फोमवर पडली होती. मेलेले बहुतेक तिथे काम करणारे मजूर होते.

पफ थर्माकोलसारखा वितळत नाही, जळून कोळसा होतो. पण तो जळतो, आणि जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू निघतात. माणूस ज्वाळेच्या आधी धुराने पडतो. पत्रा फोमला झाकून ठेवतो, हे संरक्षणही आहे आणि धोकाही. छोटी ठिणगी आत पोचायला उशीर लागतो, पण एकदा पोचली की पत्र्यामागे आग सरकत राहते आणि बंबाचं पाणी तिथवर जात नाही. रॉकवुलचे धागे हजार अंशांपर्यंत टिकतात. त्यात जळण्यासारखा असतो तो थोडासा बाइंडर. रॉकवुलची भिंत आगीला खाऊ घालत नाही, अडवते. म्हणून वेल्डिंग, भट्टी, पेंट बूथ, बॅटरी चार्जिंग किंवा सॉल्व्हंट असलेल्या शेडचं छत, आणि दोन विभागांतली आग अडवणारी भिंत, इथे दोन अंशांचा तोटा सोसून रॉकवुलच घ्यावं.

मधला एक मार्ग आहे, पीआयआर. तोही फोमच, पण आयसोसायनेटचं प्रमाण वाढवून बनवलेला. आगीत त्याच्यावर कोळशाचा जाडसर थर धरतो आणि आतला फोम काही काळ वाचतो. कोल्ड रूमसाठी तो पफपेक्षा नक्कीच बरा. पण तो अज्वलनशील नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी पफपासून वेगळा ओळखता येत नाही. कोटेशनमध्ये पीआयआर लिहून साधा पफ दिला तर कळणार कसं? त्याच उत्पादनाचा अग्निचाचणी अहवाल मागूनच.

घनता मात्र घरीच तपासता येते. पुरवठादाराकडून शंभर मिलिमीटर पॅनेलचा नमुना घ्यावा, पत्रे काढून गाभ्याचा दहा सेंटिमीटरचा अचूक घन कापावा आणि सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावा. तो घन म्हणजे बरोबर एक लिटर. पफ ४० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. तीस ग्रॅमच भरला तर फोम हलका आहे: तो दबेल आणि पत्र्यापासून लवकर सुटेल. रॉकवुल शंभर ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. कापलेल्या तोंडावर साबुदाण्यासारखे गोल मणी दिसले तर तो थर्माकोल आहे, मग कोटेशनमध्ये काहीही लिहिलेलं असो. रॉकवुल कापताना मास्क आणि हातमोजे घालावेत, धागे खाजवतात आणि घशात जातात.

उभारणीच्या काळातली शिस्त तर गाभा निवडण्याइतकीच महत्त्वाची आहे. कोल्ड रूममध्ये कॉपर पाइपचं ब्रेझिंग होतच असतं. ते शक्य तितकं पॅनेल चढवण्याआधी उरकावं. नंतर करावं लागलं तर पाइपमागे अग्निरोधक कापड टांगावं, अग्निशामक हातापाशी ठेवावा, काम संपल्यावर किमान तासभर एक माणूस तिथे थांबवावा. उघडा फोम, कापलेल्या कडा, छिद्रं पत्र्याने त्याच दिवशी झाकावीत. केबल पॅनेलमधून नेताना पाइपमधून न्यावी, जीर्ण वायरची ठिणगी थेट फोमला लागू देऊ नये. आणि खोलीचं दार आतून उघडता आलंच पाहिजे, कुलूप बाहेरून लावलेलं असलं तरी.

निवड शेवटी अशी होते. शून्याच्या आसपास किंवा त्याखाली चालणाऱ्या खोलीला बंद पोकळ्यांचा फोम, शक्य असेल तर पीआयआर, आणि बाहेरून सलग सील केलेला सांधा. आगीशी काम असलेल्या शेडच्या छताला आणि विभागणाऱ्या भिंतीला रॉकवुल. थर्माकोल कुठेच नाही. ऑर्डरवर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: गाभा कोणता, घनता किती, पत्र्याची जाडी किती, आणि अग्निचाचणीचा अहवाल. ज्या पुरवठादाराला या चारपैकी एकही लिहून द्यायची नसेल, त्याच्याकडून पॅनेल घेऊ नका.